फॅमिली पेन्शनवरचा आयकर: पंचवीस हजारांची वजावट नेमकी कुठे आणि कशी घ्यायची

पतीच्या निधनानंतर पत्नीला मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनचा आयकर भरताना दोन उलट्या चुका होतात. काही घरांत ही रक्कम पगारासारखी धरून तिच्यातून थेट ७५,००० रुपये वजा केले जातात. काही घरांत ‘बँकेने टीडीएस कापला नाही, म्हणजे करमुक्त असणार’ असं समजून ती रिटर्नमध्ये दाखवलीच जात नाही. पहिल्या चुकीने नोटीस येते, दुसऱ्या चुकीने व्याजासकट कर भरावा लागतो. दोन्हींचं मूळ एकच आहे: ही रक्कम कायद्याच्या कोणत्या सदरात बसते, हे आधी ठरवलेलं नसतं.

खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ च्या रिटर्नचे आहेत. या वर्षाच्या उत्पन्नाला १९६१ चाच आयकर कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे इथले क्रमांक पुढच्या वर्षी तसेच्या तसे वापरू नका.

## १. हातात येणारी रक्कम खरोखर फॅमिली पेन्शन आहे का, ते ठरवा

कायद्याच्या दृष्टीने फॅमिली पेन्शन म्हणजे कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबातल्या व्यक्तीला मालकाकडून दरमहा नियमित मिळणारी रक्कम. यातले ‘मालकाकडून’ आणि ‘दरमहा नियमित’ हे दोन शब्द विसरू नका.

त्यामुळे मृत्यू-उपदान, शिल्लक रजेचे पैसे, भविष्य निर्वाह निधी, गटविमा अशा एकरकमी रकमा फॅमिली पेन्शनमध्ये मिळवायच्या नाहीत. पतीने विमा कंपनीकडून घेतलेल्या अ‍ॅन्युइटीचे हप्ते त्यांच्यामागे पत्नीला सुरू झाले, तर तीही फॅमिली पेन्शन नव्हे, कारण पैसे देणारा मालक नाही. ते हप्ते करपात्र असतात, पण त्यांवर ही वजावट मिळत नाही.

एक वर्ग पूर्ण करमुक्त आहे. सशस्त्र दलांतला किंवा निमलष्करी दलांतला जवान वा अधिकारी कर्तव्यावर असताना, नियमांत सांगितलेल्या कारवाईच्या परिस्थितीत गेला असेल, तर त्याच्या पत्नीची फॅमिली पेन्शन कलम १०(१९) खाली करमुक्त असते. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र किंवा अधिसूचित शौर्यपदक मिळालेल्यांच्या कुटुंबाची पेन्शन कलम १०(१८) खाली करमुक्त असते.

सावधान: सैन्यातून निवृत्त झालेले पती पुढे आजारपणाने गेले असतील, तर ही सूट लागू होत नाही. ‘फौजी पेन्शन म्हणजे करमुक्त’ हा गावोगावी पसरलेला समज आहे आणि त्यापायी अनेकींना मागाहून कर भरावा लागतो. मृत्यू कोणत्या परिस्थितीत झाला त्याचा विभागाचा दाखला हातात असेल, तरच सूट मागा.

## २. कागद गोळा करा आणि वर्षाची बेरीज स्वतः करा

हवेत ते कागद असे: पीपीओची म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत, पेन्शनच्या खात्याचं १ एप्रिल ते ३१ मार्चचं पूर्ण स्टेटमेंट, ठेवींच्या व्याजाचे दाखले, आणि आयकर पोर्टलवर मिळणारी दोन विवरणं: कापलेला कर दाखवणारं २६एएस आणि वर्षभराच्या उत्पन्नाच्या नोंदी दाखवणारं एआयएस. स्वतःची नोकरी किंवा पेन्शन असेल तर फॉर्म १६ सुद्धा.

फॅमिली पेन्शनची बेरीज स्टेटमेंटवरूनच करावी लागते. बँक तिच्यावर टीडीएस कापत नाही, म्हणून ती बहुधा २६एएसमध्ये दिसत नाही आणि पोर्टलवर आधीच भरून येणाऱ्या आकड्यांतही नसते.

बेरीज करताना मार्चचं पाहा. केंद्र सरकारी पेन्शन दर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते, फक्त मार्चची एप्रिलच्या सुरुवातीला येते. फॅमिली पेन्शन जशी हातात येते त्या हिशेबाने धरली, तर २०२५-२६ मध्ये मार्च २०२५ पासून फेब्रुवारी २०२६ पर्यंतच्या बारा पेन्शन येतात. दरवर्षी एकच पद्धत ठेवा.

महागाई भत्ता पेन्शनचाच भाग आहे, तो वगळू नका. थकबाकी जमा झाली असेल तर तिची नोंद वेगळी करून ठेवा, ती सातव्या टप्प्यात लागेल.

तपासा: खात्याला पत्नीचाच पॅन जोडलेला आहे का? पहिलं नाव पतीचं असलेल्या संयुक्त ठेवींचं व्याज आणि त्यावरचा टीडीएस अजूनही पतीच्या पॅनवर जात असेल, तर आधी बँकेत जाऊन ते दुरुस्त करून घ्या.

निधनाच्या वर्षी दोन हिशेब होतात. निधनाच्या तारखेपर्यंतचं पतीचं उत्पन्न पतीच्या पॅनवरच्या रिटर्नमध्ये जातं. ते रिटर्न कायदेशीर वारस म्हणून पोर्टलवर नोंदणी करून भरायचं असतं. त्यानंतरची फॅमिली पेन्शन पत्नीच्या रिटर्नमध्ये येते. निधनानंतर पतीच्या नावे चुकून जमा झालेली आणि बँकेने परत घेतलेली पेन्शन दोन्हीकडे धरू नका.

## ३. सदर ठरवा: पगार नव्हे, ‘इतर उत्पन्न’

निवृत्त माणसाला त्याच्या स्वतःच्या सेवेबद्दल मिळणारी पेन्शन ‘वेतन’ या सदरात येते, कारण तो मालकाचा कर्मचारी होता. पत्नी त्या मालकाची कर्मचारी कधीच नव्हती. म्हणून तिला मिळणारी फॅमिली पेन्शन ‘इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न’ या सदरात जाते.

पुढचे सगळे नियम या एका फरकातून निघतात. पगाराची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे नव्या करप्रणालीत ७५,००० आणि जुन्यात ५०,००० रुपये, कलम १६ खाली फक्त वेतनाच्या सदराला मिळते. फॅमिली पेन्शनला कलम ५७(iia) ची वेगळी वजावट आहे. बोलताना लोक तिलाही स्टँडर्ड डिडक्शनच म्हणतात, पण तिची रक्कम लहान आहे आणि रिटर्नमधली तिची जागाही निराळी आहे. बँक टीडीएस कापत नाही त्याचंही कारण हेच: कलम १९२ चा टीडीएस वेतनासाठी आहे. टीडीएस न कापणं आणि करमुक्त असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

## ४. वजावटीची रक्कम काढा

वर्षभरात मिळालेल्या फॅमिली पेन्शनचा एक तृतीयांश भाग काढा. तो खालच्या मर्यादेशी ताडून पाहा आणि दोन्हींत जी रक्कम कमी असेल तेवढी वजावट घ्या.

- नवी करप्रणाली: २५,००० रुपये
- जुनी करप्रणाली: १५,००० रुपये

नव्या प्रणालीतली मर्यादा २०२४-२५ या वर्षापासून १५,००० वरून २५,००० झाली. जुन्या प्रणालीत ती वाढली नाही. बऱ्याच घरांत अजून सवयीने पंधरा हजारच लिहिले जातात आणि हक्काचे दहा हजार सुटतात.

व्यवहारात एक तृतीयांश भाग जवळजवळ नेहमी मर्यादेहून मोठा निघतो. नव्या प्रणालीत वर्षाची पेन्शन ७५,००० च्या खाली असेल, तरच एक तृतीयांश भाग लागू पडतो. हे बहुतेक वेळा पहिल्या वर्षी होतं. समजा पेन्शन वर्षाच्या शेवटी सुरू झाली आणि ३१ मार्चपर्यंत ३०,००० चे दोनच हप्ते जमा झाले. एकूण ६०,००० चा तिसरा हिस्सा २०,००० होतो, म्हणून वजावट २०,०००. हीच पेन्शन पाच महिने मिळाली असती तर एकूण १,५०,००० वर वजावट पूर्ण २५,००० झाली असती. मर्यादा वर्षाची आहे, तिचे महिन्यांप्रमाणे तुकडे करायचे नाहीत.

## ५. स्वतःची पेन्शन आणि फॅमिली पेन्शन दोन्ही असतील तर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण दोन्ही रकमा बहुधा एकाच बँकेत आणि अनेकदा एकाच खात्यात जमा होतात. त्यांची एकत्र बेरीज करायची नाही. दोन सदरं, दोन वजावटी, आणि दोन्ही पूर्ण मिळतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. बाईंचं वय ६२, त्या निवृत्त मुख्याध्यापिका. स्वतःची पेन्शन दरमहा ५५,०००, म्हणजे वर्षाची ६,६०,०००. पती राज्य सरकारी नोकरीत होते, त्यांची फॅमिली पेन्शन दरमहा ३५,०००, म्हणजे वर्षाची ४,२०,०००. मुदत ठेवींचं व्याज २,३०,००० आणि बचत खात्याचं १२,०००. नवी करप्रणाली.

| तपशील | रक्कम |
|---|---|
| स्वतःची पेन्शन ६,६०,००० वजा ७५,००० | ५,८५,००० |
| फॅमिली पेन्शन ४,२०,००० वजा २५,००० | ३,९५,००० |
| व्याज | २,४२,००० |
| एकूण उत्पन्न | १२,२२,००० |

आता कर. पहिल्या चार लाखांवर शून्य, चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारा लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि वरच्या २२,००० वर १५ टक्क्यांनी ३,३००. एकूण ६३,३००. उत्पन्न बारा लाखांच्या आत असतं तर कलम ८७ए च्या रिबेटने कर शून्य झाला असता. ते थोडंच वर गेल्यामुळे मार्जिनल रिलीफ मिळतो: बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर घेत नाहीत. म्हणून कर २२,०००. त्यावर ४ टक्के उपकर ८८०. भरायचे एकूण २२,८८०.

बँकेने ठेवींच्या व्याजावर १० टक्क्यांनी २३,००० टीडीएस कापला आहे. म्हणजे बाईंना आणखी काही भरायचं नाही, उलट १२० रुपये परत मिळतील.

आता याच आकड्यांत नेहमीच्या दोन चुका करून पाहा.

फॅमिली पेन्शनची वजावट घ्यायची राहिली, तर उत्पन्न १२,४७,००० होतं. मार्जिनल रिलीफ धरून कर ४७,०००, उपकरासह ४८,८८०. पंचवीस हजारांची वजावट विसरल्याने कर तब्बल २६,००० ने वाढला. बारा लाखांच्या उंबरठ्यावर असलेल्या बाईंनी ही ओळ दोनदा तपासलीच पाहिजे.

उलट चूक: दोन्ही पेन्शनवर ७५,००० घेतले, तर उत्पन्न ११,७२,००० दिसतं, कर शून्य येतो आणि पूर्ण २३,००० चा परतावा मागितला जातो. हा आकडा पाहून घरच्यांना बरं वाटतं, पण तो टिकत नाही. वजावट नाकारली की मिळालेला परतावा व्याजासह परत द्यावा लागतो.

जुनी प्रणाली इथे फायद्याची ठरते का? कलम ८०सी चे दीड लाख, ८०डी चे ५०,००० आणि ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ८०टीटीबी ची ५०,००० ची वजावट, हे सगळं पूर्ण घेतलं तरी या बाईंचा कर उपकरासह १,१६,५८४ येतो. तरी प्रत्येकीने आपला हिशेब दोन्हीकडे मांडून पाहावा, कारण ज्यांचं उत्पन्न पाच लाखांच्या आसपास आणि वजावटी भरपूर आहेत त्यांना दोन्हीकडे शून्य येऊ शकतो. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर प्रणाली रिटर्नमध्येच निवडता येते. मात्र जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं.

सावधान: टीडीएस टाळण्यासाठी बँकेत १५एच द्यायचा, तो वर्षाचा अंदाजे कर शून्य असेल तरच. हा अंदाज करताना फॅमिली पेन्शन धरायची राहून जाते. वरच्या बाईंनी १५एच दिला असता तर ते निवेदन खोटं ठरलं असतं.

## ६. आगाऊ कर: साठीच्या आतल्या बाईंनी हा टप्पा सोडू नये

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त होत असेल, तर तो वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा असतो. ६० पूर्ण झालेल्या, भारतात निवासी असलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला यातून सूट आहे. त्याआधी पती गेलेल्या आणि स्वतः नोकरी करणाऱ्या बाईंना ती नाही. त्यांचीच अडचण मोठी होते.

समजा वय ५२, पगार वर्षाला ११,००,०००, फॅमिली पेन्शन ४,८०,०००. कार्यालय फक्त पगार पाहतं. त्यातून ७५,००० गेले की १०,२५,००० उरतात, रिबेटमुळे कर शून्य, म्हणून टीडीएस शून्य. पेन्शन देणारी बँकही काही कापत नाही. पण रिटर्नमध्ये दोन्ही एकत्र आले की उत्पन्न १४,८०,००० आणि कर उपकरासह १,०६,०८० होतो. जुलैपर्यंत एक रुपयाही भरलेला नसेल, तर कलम २३४बी आणि २३४सी चं व्याज मिळून साडेनऊ हजारांच्या पुढे जातं.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे एप्रिलमध्येच कार्यालयाला फॅमिली पेन्शनची वर्षाची अंदाजे रक्कम लेखी कळवायची. मग पगारातून दरमहा तेवढा जास्त टीडीएस कापतात आणि हप्त्यांच्या तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. दुसरा मार्ग स्वतः भरण्याचा. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण कर. पोर्टलवर `e-Pay Tax` मध्ये `Advance Tax (100)` निवडा. वर्ष संपल्यावर उरलेला कर भरताना मात्र `Self-Assessment Tax (300)`. पैसे भरण्याआधी करनिर्धारण वर्ष पुन्हा वाचा. चुकीच्या वर्षात गेलेलं चलन दुरुस्त करून घेणं फार कटकटीचं असतं.

## ७. थकबाकी आली असेल तर आधी फॉर्म १०ई

मंजुरी लांबल्याने किंवा वेतन आयोगाच्या फरकामुळे मागच्या वर्षांची फॅमिली पेन्शन एकदम जमा होते आणि त्या वर्षी उत्पन्न फुगतं. ही थकबाकी मिळाली त्या वर्षीच करपात्र असते आणि २५,००० ची वजावट एकदाच मिळते. पण कलम ८९ चा दिलासा फॅमिली पेन्शनच्या थकबाकीलाही आहे. रक्कम मूळ वर्षांत विभागून त्या-त्या वर्षीचा कर काढला जातो आणि आताचा जादा बोजा तेवढा कमी होतो.

क्रम महत्त्वाचा आहे. फॉर्म १०ई ऑनलाइन आधी भरायचा, मगच रिटर्न. फॉर्म न भरता रिटर्नमध्ये दिलासा मागितला, तर तो नाकारला जातो. कोणत्या वर्षाची किती थकबाकी, हा तपशील कोषागार कार्यालय, मुंबईत असाल तर अधिदान व लेखा कार्यालय, किंवा पेन्शन देणारी बँक यांच्याकडून लेखी घ्या.

## ८. रिटर्नमध्ये आकडे कुठे भरायचे

पेन्शन आणि व्याज एवढंच उत्पन्न असेल आणि ते ५० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे आयटीआर-१ चालतो.

१. `Income from Other Sources` मध्ये यादीतून `Family Pension` निवडा आणि पूर्ण रक्कम लिहा. उदाहरणात ४,२०,०००. इथे वजावट करून ३,९५,००० लिहू नका. तसं केलं तर पुढे वजावट दुसऱ्यांदा लागण्याचा धोका असतो.

२. बचत खात्याचं आणि ठेवींचं व्याज त्यांच्या वेगळ्या ओळींत भरा.

३. त्याखालच्या `57(iia)` च्या ओळीत वजावट पाहा. ती तिथे नेमकी २५,००० (किंवा एक तृतीयांश) दिसली पाहिजे. जुनी प्रणाली निवडली असेल तर १५,०००.

४. स्वतःची पेन्शन असेल तर ती वर `Salary` मध्ये. `16(ia)` ची वजावट तिथेच दिसेल. वेतनाच्या भागात काही नसेल, तर ७५,००० कुठेच दिसता कामा नयेत.

तपासा: एआयएसमध्ये फॅमिली पेन्शन ‘वेतन’ म्हणून दिसते का? पतींच्या निधनानंतर बँकेने नोंदीतला प्रकार बदललेला नसेल, तर पत्नीच्या नावे फॉर्म १६ निघतो आणि कधी टीडीएसही कापला जातो. तो फॉर्म हातात आला म्हणून ७५,००० चा हक्क तयार होत नाही. बँकेला पीपीओची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि टीडीएसचं विवरण दुरुस्त करून मागा. एआयएसमध्येही त्या नोंदीवर प्रतिसाद नोंदवा. रिटर्नमध्ये उत्पन्न योग्य सदरातच दाखवा आणि कापलेल्या टीडीएसचं श्रेय घ्या. अर्जाची पोच जपून ठेवा. सदर न जुळल्याने विचारणा झाली, तर उत्तराला तीच लागते.

रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफिकेशन करा, नाहीतर ते मुदतीत भरलेलं धरलं जात नाही. आधार-ओटीपीसाठी मोबाइल क्रमांक पत्नीच्याच आधारला जोडलेला हवा. बऱ्याच घरांत तो पतीचा असतो आणि निधनानंतर बंद पडलेला असतो, म्हणून हे काम जुलैच्या बरंच आधी उरकून घ्या.

रिबेटमुळे कर शून्य येत असला, तरी नव्या प्रणालीत एकूण उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं. दरमहा ३६,००० फॅमिली पेन्शन आणि दुसरं काहीच उत्पन्न नाही, असं धरा. वर्षाचे ४,३२,०००, वजावटीनंतर ४,०७,०००. कर शून्य, पण रिटर्न आवश्यक.